क्वार्टर रिव्ह्यूत सेल्स टीमला वाढलेली सीएसी कशी सांगायची? (भाषणाचा मसुदा आत आहे)

रेवती_म
मंडळी, मदत हवीये. मी मार्केटिंग बघते, बिझनेस सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. पुढच्या आठवड्यात क्वार्टरचा रिव्ह्यू आहे आणि त्यात मला पंधरा मिनिटं सेल्स टीमसमोर बोलायचंय, विषय एकच, नवा कस्टमर आणायचा खर्च, म्हणजे सीएसी, का वाढला. खरे आकडे इथे टाकता येत नाहीत म्हणून बदललेत, पैशाला नुसतं युनिट म्हणूया.

मागच्या क्वार्टरला मार्केटिंगचा खर्च १००० युनिट, नवे कस्टमर ५०. म्हणजे एकामागे २०. या क्वार्टरला खर्च १३००, कस्टमर ५२, एकामागे २५. सरळ पंचवीस टक्के वाढ.

अडचण वाढीची कमी आणि समोरच्या लोकांची जास्त आहे. आमच्या सेल्सवाल्यांचा आमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास नाही. मागच्या रिव्ह्यूत आमच्या डॅशबोर्डवर ५५० लीड दिसत होते आणि सीआरएममध्ये ४००, तेव्हा मागून कोणीतरी "उरलेले दीडशे कुठे राहतात, भेटायला जातो" म्हणालं आणि पुढचं कोणीच ऐकलं नाही. आता मी काहीही बोलले तरी सबब वाटणार. मसुद्याची सुरुवात अशी आहे:

"या क्वार्टरला ऑनलाइन जाहिरातींचे दर सगळीकडेच वाढले, स्पर्धा वाढली, तरीही आपण लीडची संख्या वाढवली आणि ब्रँडची ओळखही वाढली..."

कसं वाटतंय? फोडा बिनधास्त.

मनस्वी_एचआर
आमच्याकडेही हाच प्रॉब्लेम! एक माणूस भरायला आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त खर्च होतो, कन्सल्टंटची फी, जाहिराती, ऑफर घेऊन न येणारे वेगळेच. मॅनेजर लोक मानतच नाहीत. मी तर प्रत्येक पोझिशनचा वेगळा हिशेब दाखवते.

रेवती_म
मनस्वी, भरतीचा नाही गं, कस्टमर मिळवायचा खर्च :) पण "प्रत्येक पोझिशनचा वेगळा" हे मनात ठेवते.

फील्डवरचा
मी सेल्समध्येच आहे, बरीच वर्षं, त्यामुळे समोर बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो. तुमची सुरुवात ऐकून मी मोबाईल काढला असता. दर वाढले म्हणे, अहो आम्हाला टार्गेट चुकल्यावर "मार्केट मंद आहे" असं बोलायची सोय आहे का? आणि "लीडची संख्या वाढवली" हे तर बोलूच नका. लीड वाढले आणि कस्टमर फक्त दोन वाढले, म्हणजे आम्ही क्लोज करत नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो. तुम्ही बोलला नाहीत तरी खोलीतल्या प्रत्येकाला तोच ऐकू येणार.

आणि एक जुनं दुखणं सांगतो. मी एखाद्याला चार महिने भेटतो, डेमो देतो, शेवटी तो प्रायसिंग बघायला गूगलवर आमच्या कंपनीचं नाव टाकतो, वर आमचीच जाहिरात असते, तो त्यावर क्लिक करतो आणि महिनाअखेरीला तो कस्टमर "पेड सर्च" म्हणून मार्केटिंगच्या खात्यात! हे तुमच्याकडेही होत असणार, बघा शोधून.

निनाद९
सोपं आहे. एलटीव्ही दाखवा. कस्टमरची आयुष्यभराची किंमत भागिले सीएसी तीनच्या वर असेल तर खर्च २० वरून २५ झाला काय आणि ३० झाला काय, धंदा नफ्यातच आहे. हे रेशो सगळे इन्व्हेस्टर बघतात. एक स्लाईड, विषय संपला.

हिशेबी
निनाद, रेशो बघतात हे बरोबर आहे, पण या खोलीत ते चालणार नाही. एलटीव्हीत कस्टमर किती वर्षं टिकेल हा अंदाज असतो. ज्यांना तुमचा मागच्या महिन्याचा मोजलेला आकडा पटत नाही त्यांना पुढच्या पाच वर्षांचा अंदाज कसा पटेल? शिवाय त्या रेशोने प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही. परवडतं की नाही हा वेगळा प्रश्न, का वाढलं हा वेगळा. दाखवायचंच असेल तर खर्च किती महिन्यांत वसूल होतो ते दाखवा, तेही बिलाच्या रकमेवर नाही, सर्व्हिस द्यायचा खर्च वजा करून. पण या भाषणात नकोच ते.

रेवती, मी दोन्ही टीमचे आकडे जुळवायचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ५५० आणि ४००. ते दीडशे कुठे राहतात याला उत्तर आहे आणि ते तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. ५५० कसा आला? गूगल ॲड्स आणि मेटाचे आकडे कोणीतरी बेरीज केलेत ना? एकाच माणसाने सोमवारी मेटावर जाहिरात क्लिक केली, गुरुवारी गूगलवरून येऊन फॉर्म भरला, तर दोघंही म्हणतात हा माझा. मेटा डिफॉल्टने क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसली तरी १ दिवस हक्क सांगतं, गूगल ॲड्स क्लिकनंतर ३० दिवस. दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नाही. त्यात कन्व्हर्जनचं सेटिंग `Every` असेल तर एकाच माणसाने दोनदा फॉर्म भरला की दोन मोजले जातात, लीडसाठी ते `One` हवं. म्हणजे आकडे खोटे नाहीत, पण ते बेरीज करायचे आकडेच नाहीत.

दुसरं, गूगल ॲड्स कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला टाकतं, फॉर्म भरला त्या तारखेला नाही. त्यामुळे मागच्या महिन्याचा आकडा या महिन्यातही वाढत राहतो. सेल्सवाल्याने तुमची जुनी स्लाईड जपून ठेवली असेल आणि आज त्याच महिन्यासमोर वेगळा आकडा दिसला तर त्याने काय समजायचं? `Conversions (by conv. time)` नावाचा वेगळा कॉलम असतो, निदान तो वापरा.

पण खरं सांगायचं तर भाषणात यातलं काहीच बोलू नका. जाहिरातीच्या डॅशबोर्डचा एकही आकडा भिंतीवर लावू नका. सीआरएममधले ५२ कस्टमर घ्या, कारण त्या प्रत्येकाची डील कोणीतरी सेल्सवाल्याने स्वतः "वॉन" केलीये. भागाकारात खालचा आकडा त्यांचा असू दे आणि वरचा खर्च अकाउंट्सकडून आलेला, मार्केटिंगच्या शीटमधला नाही.

रेवती_म
हो, ५५० ही बेरीजच होती. आणि फील्डवरचा म्हणतात ते आज काढून बघितलं. कंपनीच्या नावाच्या सर्चवरून आलेले कस्टमर दोन्ही क्वार्टरला २०-२० आहेत, त्यावर खर्च दोन्ही वेळेला १०० युनिट. उरलेलं सगळं, म्हणजे आम्हाला न ओळखणाऱ्या लोकांवरचा खर्च, मागच्या वेळी ९०० मध्ये ३० कस्टमर आणि आत्ता १२०० मध्ये ३२. म्हणजे तिथे ३० चे साडेसदतीस झाले. हे तर अजूनच वाईट दिसतंय ना?

हिशेबी
वाईट दिसतंय, आणि म्हणूनच ते दाखवा. नावाच्या सर्चवाले २० कस्टमर भाषणातून स्वतःहून बाजूला काढा, म्हणा हे कोणी आणले यावर आपला वाद आहे, मी यावर हक्क सांगत नाही. तुमचा आकडा २५ वरून साडेसदतीस होतो, पण फील्डवरचा सारखा माणूस पहिल्यांदा मान वर करून बघेल. वाढ टक्क्यात तेवढीच राहते, बघा, २० चे २५ काय आणि ३० चे ३७.५ काय, दोन्ही पंचवीस टक्केच.

आणि त्यातून कारणही दिसायला लागतं. नाव टाकून शोधणारे लोक तुम्ही पैसे वाढवले म्हणून वाढत नाहीत, ते तेवढेच राहतात. जास्तीचे ३०० युनिट सगळे अनोळखी लोकांवर गेले. ३०० जास्त आणि कस्टमर २ जास्त, म्हणजे वरचे दोन कस्टमर १५० ला एक पडले. हा आकडा तुम्ही सांगितला नाहीत तर दुसरं कोणीतरी कॅल्क्युलेटरवर काढणार.

निनाद९
१५० ला एक?? मग ते ३०० बंदच करा की.

हिशेबी
इथेच घाई होते. रेवती, लीड आल्यापासून डील क्लोज व्हायला तुमच्याकडे सरासरी किती दिवस लागतात? आणि ते ३०० क्वार्टरमध्ये नेमके कधी खर्च झाले?

रेवती_म
साधारण ५० दिवस. खर्च पहिल्या महिन्यात ३२०, मग ४००, मग ४८०. (नावाच्या सर्चचा खर्च सोडून.)

हिशेबी
मग तिसऱ्या महिन्याच्या ४८० युनिटचे बरेचसे लीड क्वार्टर संपताना उघडेच होते. खर्च या क्वार्टरच्या खात्यात पडला, कस्टमर पुढच्या क्वार्टरला येणार. आज पेरून आजच खळं मोजायला बसल्यासारखं आहे ते. खर्च वाढत असतो तेव्हा हा भागाकार नेहमी वाईट दिसतो, आणि खर्च कमी करता तेव्हा उगाच छान दिसतो.

असं करा. लीड ज्या महिन्यात आला त्या महिन्याच्या खर्चासमोर तो मांडा, आणि प्रत्येक लीडला सारखेच दिवस द्या, समजा ६०. ६० दिवसांत क्लोज झाला तर मोजा, नंतर झाला तर नाही. मागच्या क्वार्टरच्या सगळ्या लीडचे ६० दिवस पूर्ण झालेत. या क्वार्टरच्या फक्त पहिल्या महिन्याचे झालेत. तेवढेच घ्या.

रेवती_म
काढलं. मागचा क्वार्टर: ९०० युनिट, ६० दिवसांत क्लोज २५, एकामागे ३६. या क्वार्टरचा पहिला महिना: ३२० युनिट, ६० दिवसांत क्लोज ८, एकामागे ४०. म्हणजे वाढ अकरा टक्के! पंचवीस नाहीच! हेच सांगते मग, निम्म्याहून जास्त वाढ नुसती वेळेची आहे.

फील्डवरचा
ताई थांबा. आठ कस्टमरवर बोलताय तुम्ही. माझी एक डील ५८व्या दिवशी सही झाली की ६२व्या, यावर तुमचा आकडा हलणार. नऊ झाले असते तर ३२० भागिले ९ म्हणजे ३५.६, वाढ शून्य. सात झाले असते तर ४५.७, सत्तावीस टक्के वाढ. आता बोला. आणि समोर माझ्यासारखा एक जरी असेल ना तर तो हे तिथल्या तिथे करून दाखवेल, आमची अख्खी जिंदगी टक्केवारीवर जाते.

हिशेबी
+१. एकदम बरोबर बोलले. म्हणून "अकरा टक्के" हे वाक्य नकोच. पंचवीसमधली काही वाढ वेळेची आहे हे नक्की, कारण ४८० युनिटचे लीड पिकायचेत. किती, ते आज सांगता येत नाही. दुसऱ्या महिन्याचे ६० दिवस अजून महिन्याभरात पुरे होतील, तिसऱ्याचे त्यानंतर महिन्याने. त्या दोन तारखा भाषणात द्या.

उदय_का
आमचा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो. आम्ही पण असंच लीडच्या महिन्याप्रमाणे मांडलं, छान दिसलं, आणि मग कोणीतरी विचारलं की सीआरएममधला "सोर्स" कोण भरतं? सेल्सच भरतं! आणि घाईत सगळे यादीतला पहिला पर्याय किंवा "इतर" निवडतात. आमच्या क्लोज डीलपैकी बऱ्याच "इतर" मध्ये होत्या. म्हणजे ज्या आकड्यावर सेल्सचा विश्वास म्हणून तो घेतला तोच त्यांनी अंदाजपंचे भरलेला. यावर आम्ही तोडगा असा काढला की फॉर्मवरून येणारा सोर्स वेगळ्या फील्डमध्ये लॉक, आणि सेल्सवाल्याचं मत वेगळ्या फील्डमध्ये. दोन्ही जुळत नाहीत तिथे खरी मजा असते.

रेवती_म
बाप रे. बघितलं, ५२ पैकी ११ "इतर" आहेत. मी त्यांना अनोळखी गटात धरलं होतं.

अकाउंट्सवाली_स्मिता
मला एक कळत नाहीये, तुम्ही सगळे नुसता मार्केटिंगचा खर्च धरताय. सेल्सचे पगार, इन्सेंटिव्ह, प्रवास, डेमोचा खर्च हे सगळं कस्टमर मिळवायलाच लागतं ना? आमच्याकडे ते धरल्याशिवाय सीएसी म्हणतच नाहीत.

फील्डवरचा
घ्या, आता आमचे पगारही त्यात. या मीटिंगला हेल्मेट घालून जा रेवतीताई.

हिशेबी
स्मिता, बरोबर आहे, मॅनेजमेंटला दाखवायचा आकडा तोच. पण इथे प्रश्न जाहिरातीचे पैसे कुठे गेले हा आहे. त्यात पगार घातले की तुम्ही महाग झालात असं सेल्सला ऐकू येईल. माझं मत, या भाषणात "मार्केटिंगचा खर्च, पगार सोडून" असं स्लाईडवर स्पष्ट लिहा आणि पुढे जा.

अकाउंट्सवाली_स्मिता
मला नाही पटत. सोयीप्रमाणे व्याख्या बदलली की विश्वास तिथूनच जातो. आज पगार सोडले, उद्या एजन्सीची फी सोडाल. पण चालू द्या.

रेवती_म
स्मिता, एजन्सीची फी आणि टूल्सचे पैसे धरलेत १३०० मध्ये, तपासून घेतलं. नवा मसुदा टाकते, बघा:

"या क्वार्टरला एक कस्टमर आणायला मार्केटिंगचा खर्च २० वरून २५ झाला. कस्टमरचा आकडा सीआरएमचा आहे, तुम्ही वॉन केलेल्या ५२ डील. खर्च अकाउंट्सकडून घेतलाय, त्यात तुमचे पगार आणि इन्सेंटिव्ह नाहीत. आता यातले २० जण आपल्या कंपनीचं नाव टाकून शोधत आले होते. त्यातले बरेचसे तुमच्या कॉलमुळे किंवा ओळखीतून आले असतील, त्यामुळे ते मी माझ्या हिशेबात धरत नाही. ते काढले की आमचा खरा खर्च एकामागे ३० होता तो साडेसदतीस झालाय. आम्ही ३०० युनिट जास्त टाकले आणि आजपर्यंत त्यातून दोनच कस्टमर जास्त दिसतायत. हे मला मान्य आहे. यात एक भाग असा की सगळ्यात जास्त पैसे तिसऱ्या महिन्यात गेले आणि ते लीड अजून तुमच्याकडे उघडे आहेत. त्यातले किती क्लोज होतील ते मी आज सांगत नाही. दुसऱ्या महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्यात आणि तिसऱ्याचा त्याच्या पुढच्या महिन्यात याच खोलीत दाखवेन. तोपर्यंत तिसऱ्या महिन्याची पातळी आम्ही वाढवणार नाही. दोन्ही हिशेब मिळूनही आकडा साडेसदतीसच्या खाली आला नाही तर ते ३०० मागे घेऊ. ५२ पैकी ११ डीलवर सोर्स 'इतर' आहे, त्या मी आमच्या बाजूला धरल्यात, त्यामुळे खर्च दिसतो त्यापेक्षा जास्तही असू शकतो."

फील्डवरचा
हे ऐकलं असतं मी. "आजपर्यंत" शब्द चांगला टाकलात. एक बदल सुचवतो, "ते लीड अजून तुमच्याकडे उघडे आहेत" हे वाक्य परत चेंडू आमच्या कोर्टात टाकतं. "ते लीड अजून ६० दिवसांचे झाले नाहीत" म्हणा, अर्थ तोच आणि टोचत नाही.

निनाद९
पण सेल्स लीडला फोन किती तासांनी करतं हे का नाही दाखवायचं? आमच्याकडे दोन-दोन दिवस फोन जात नाही आणि मग "लीड कचरा आहे" म्हणतात. याने पण खर्च वाढतोच की.

हिशेबी
वाढतो, यात तुम्ही बरोबर आहात. पण तो मुद्दा याच भाषणात आला की आधीची पंधरा मिनिटं त्याचीच प्रस्तावना वाटणार. मी तो सेल्स हेडशी वेगळा बोललो असतो.

उदय_का
मी उलट म्हणेन, लपवून ठेवला आणि नंतर काढला तर डाव वाटतो. आम्ही एकाच मीटिंगला बोललो होतो, भांडण झालं, पण झालं ते बरं झालं.

हिशेबी
असेल, टीम टीमवर आहे. बाकी एक काम मीटिंगच्या आधी करा रेवती. ५२ नावांची यादी, प्रत्येकासमोर तुम्ही धरलेला सोर्स, दोन दिवस आधी सेल्स हेडला पाठवा आणि म्हणा चुकीचं असेल तिथे खूण करा. मीटिंगमध्ये आकड्यावर वाद व्हायला नको, कारणावर होऊ दे.

रेवती_म
पाठवली यादी काल. आज परत आली, नऊ नावांवर लाल खूण. चार "इतर" मधली, ती आमची नाहीत म्हणतायत, काढली तर ३२ चे २८ होतात आणि खर्च साडेसदतीसवरून ४३ च्या आसपास जातो. नावाच्या सर्चमधली तीन, त्यावर काहीच म्हणणं नव्हतं माझं. पण उरलेल्या दोन गंमतशीर आहेत, त्यांनी स्वतः लिहिलंय की या डील वेबिनारमधून आल्या आणि मी त्या नावाच्या सर्चमध्ये टाकून सोडून दिल्या होत्या. आता त्या परत घ्यायच्या का? घेतल्या तर वेबिनारचा खर्च तर आधीच १२०० मध्ये आहे.

फील्डवरचा
घ्या की! त्यांनीच दिल्यात. पण स्लाईडवर लिहा कोणी दिल्या ते.

अकाउंट्सवाली_स्मिता
घेताना मागच्या क्वार्टरच्या ५० नावांचीही अशीच तपासणी करा, नाहीतर एक क्वार्टर खूण केलेला आणि एक न केलेला, तुलना कशाची करणार?

रेवती_म
ती यादी आत्ताच पाठवते. मीटिंग सोमवारी आहे, तोपर्यंत परत येते का बघू.